खुलासा म्हणजे खुलासा नव्हे!

रॅफल्स प्लेस स्टेशनच्या वर, उंच बँकांच्या मधोमध, हिरवळीचा एक छोटासा चौक आहे. संध्याकाळी साडेसहाला ऑफिसं सुटतात आणि सगळी गर्दी जिन्यावरून खाली मेट्रोत उतरते. त्या वेळी भारतात चार वाजलेले असतात. चाचांची दुपारची झोप झालेली असते, चहा अजून व्हायचा असतो. म्हणून गेल्या जून महिन्यातल्या तीन-चार संध्याकाळी मी त्या चौकातल्या कट्ट्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन, कानात हेडफोन घालून, एकाच पानाच्या मजकुरावर चाचांशी वाद घालत बसलो होतो.

चाचा म्हणजे आमचे औरंगाबादचे, आताच्या छत्रपती संभाजीनगरचे, शेजारी. उर्दू शाळेत तीस वर्षं मास्तर होते. मी पाचवी-सहावीत असताना सुट्टीत त्यांच्याकडे कॅरम खेळायला जायचो, तेव्हा त्यांनीच मला अलिफ-बे शिकवलं. माझी उर्दू तेवढीच. दुकानाची पाटी वाचता येते, वर्तमानपत्र अडखळत वाचता येतं. पण आमच्या ग्रुपमध्ये तेवढंही कुणाला येत नसल्यामुळे मी ‘उर्दूवाला’ ठरलो.

झालं असं, की आम्ही इंजिनिअरिंगचे काही वर्गमित्र मिळून दरवर्षी थोडे पैसे जमा करतो आणि मराठवाड्यातल्या दहावी झालेल्या मुलींना पुढच्या शिक्षणासाठी देतो. प्रेसनोट आमची इंदूरची मैत्रीण लिहिते, म्हणून ती मुळात हिंदीत असते. तिचं मराठी आम्ही करतो. मागच्या वर्षी ठरलं, की उर्दू पेपरांनाही द्यावी, कारण उर्दू माध्यमाच्या शाळांतल्या मुलींपर्यंत आपण पोचतच नाही. मी म्हटलं, सोपं आहे, हिंदी आणि उर्दू बोलायला एकच, लिपी तेवढी वेगळी. एका कन्व्हर्टरमध्ये हिंदी मजकूर टाकला, उर्दू लिपीत बाहेर आला, पाठवून दिला. एका पेपरनं छापलाही. उर्दू शाळांतून अर्ज किती आले? एकही नाही.

या वर्षी चाचांना ते कात्रण वाचून दाखवायला सांगितलं. पहिल्याच ओळीत ते थांबले. ‘छात्रवृत्ति’ त्यांना वाचताच येईना. शब्द त्यांना ठाऊक नव्हता असं नाही, रेडिओवर शंभरदा ऐकलेला. पण उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. वाचणारा अक्षर-अक्षर जोडत नाही, शब्दाची आकृती ओळखतो आणि मधले स्वर स्वतः भरतो. ओळखीच्या शब्दाला यात काही अडचण नाही. अनोळखी संस्कृत शब्द मात्र, तोही जोडाक्षरांचा, नुसता व्यंजनांचा ढीग होऊन समोर येतो. चाचांनी मला एक गंमत लिहायला लावली. काफ, रे, मीम ही तीन अक्षरं. याचा उच्चार ‘करम’ म्हणजे कृपा, ‘कर्म’ म्हणजे आपलं कर्म, ‘क्रम’ म्हणजे अनुक्रम आणि ‘किर्म’ म्हणजे किडा, यातला कुठलाही असू शकतो. उर्दू वाचणारा सवयीनं कृपाच वाचणार. आमच्या नोटमध्ये ‘योग्यता क्रम’ असं होतं. बिचाऱ्या वाचकानं काय समजायचं?

म्हणजे संस्कृत शब्द काढून फारसी-अरबी घालायचे, यामागे मला वाटत होतं तसं धार्मिक किंवा राजकीय कारण आधी येतच नाही. आधी येतो तो डोळा. शब्द कळायच्या आधी वाचता यावा लागतो.

मी सॉफ्टवेअरवाला. लगेच मनात आलं, एक यादी करू, शोधा आणि बदला. हिंदी शब्द डावीकडे, उर्दू उजवीकडे, मजकूर आधी देवनागरीतच बदलून घ्यायचा आणि लिपी शेवटी. रात्री बसून लिहिलं:

```python
kosh = {"आय": "आमदनी",
        "परीक्षा": "इम्तिहान",
        "आवेदन": "दरख़्वास्त"}
for hindi, urdu in kosh.items():
    note = note.replace(hindi, urdu)
```

पहिला निकाल बघून मी एकटाच हसलो. ‘कार्यक्रम का आयोजन’ याचं ‘कार्यक्रम का आमदनीोजन’ झालं होतं, कारण ‘आयोजन’च्या पोटात ‘आय’ आहे. ‘आयु’चंही तेच. ही चूक सुधारणं सोपं, पूर्ण शब्द जुळला तरच बदलायचा. पण दुसरी अडचण यादीनं सुटणारी नव्हती. हिंदीत ‘परीक्षा होगी’, कारण परीक्षा स्त्रीलिंगी. ‘इम्तिहान’ पुल्लिंगी, म्हणून ‘इम्तिहान होगा’. उलट ‘आवेदन’ पुल्लिंगी आणि ‘दरख़्वास्त’ स्त्रीलिंगी. तेव्हा ‘आवेदन स्वीकार किए जाएँगे’ यातला नुसता एक शब्द बदलून चालत नाही, पूर्ण शेपूट बदलावं लागतं: ‘दरख़्वास्तें क़बूल की जाएँगी’. हिंदी-उर्दूचं व्याकरण एकच, क्रियापदं एकच, ‘का-की-के’ एकच, हे सगळं खरं. पण नाम बदललं की लिंग बदलतं, आणि लिंग बदललं की तेच सामाईक व्याकरण पुढची तीन पदं ओढून नेतं. आपल्याला मराठीत तीन लिंगांची सवय असल्यामुळे कान लगेच टवकारतात, एवढाच आपला फायदा.

स्क्रिप्ट डिलीट केली आणि चाचांना फोन लावला. एक-एक वाक्य घेतलं. मूळ हिंदी असं होतं:

‘आर्थिक रूप से पिछड़े परिवारों की मेधावी छात्राओं को छात्रवृत्ति प्रदान की जाएगी. इच्छुक छात्राएँ आय प्रमाण पत्र सहित अपना आवेदन 31 जुलाई तक प्रस्तुत करें. चयन लिखित परीक्षा के आधार पर होगा.’

माझा पहिला उत्साही मसुदा चाचांनी हाणून पाडला. मी ‘पिछड़े’साठी ‘पसमांदा’ लिहिलं होतं. शब्दकोशात बरोबर आहे, मागे राहिलेला. पण आजच्या भारतात पसमांदा म्हटलं की मुसलमानांमधल्या मागास बिरादऱ्या, असा ठरलेला अर्थ डोळ्यांसमोर येतो. वाचणारी बाई म्हणेल, आम्ही त्यातले नाही, हे आमच्यासाठी नाही. पैसा अडलाय, जात नव्हे. म्हणून ‘माली तौर पर कमज़ोर घराने’.

‘मेधावी’साठी मी ‘ज़हीन’ योजलं होतं. तेही बरोबरच. चाचा म्हणाले, “होनहार लिख ना. वो तो तुम्हारा भी है और हमारा भी.” आणि खरंच, होनहार हा ना संस्कृत कोशातला, ना फारसी. ‘होना’ या रोजच्या क्रियापदातून आलेला, दोन्ही घरांत वाढलेला शब्द. तिथून मला एक वाट सापडली. संस्कृत आणि फारसी या दोनच पेट्या नाहीत. मधे एक मोठी, न लेबल लावलेली पेटी आहे, आणि बऱ्याचदा हवा तो शब्द तिच्यातच असतो. ‘चयन’साठी कोशात ‘इंतिख़ाब’ मिळतो, पण त्याचं अनेकवचन ‘इंतिख़ाबात’ म्हणजे विधानसभा-लोकसभेच्या निवडणुका, तो वास त्याला आहेच. आम्ही सरळ ‘चुनी जाएँगी’ केलं.

‘छात्रवृत्ति’चा पारंपरिक उर्दू शब्द ‘वज़ीफ़ा’. मला तो फार आवडला होता, नुसता ऐकायलासुद्धा छान. चाचांनाही आवडतो. पण वज़ीफ़ा म्हणजे नेमानं म्हणायची प्रार्थना असाही अर्थ आहे, आणि घरोघरच्या आजीला आधी तोच आठवतो. मथळ्यात एकटा ‘वज़ीफ़ा’ टाकला तर काही जणींना वाटेल, हा दीनी मजकूर आहे. हल्लीचे उर्दू पेपर ‘स्कॉलरशिप’ सर्रास लिहितात, तेही उर्दू वळणानं ‘इस्कॉलरशिप’. तेच ठेवलं. मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

‘छात्रा’साठी ‘तालिबात’ हा उर्दू वृत्तपत्रांचा रुळलेला शब्द आहे, शिकणाऱ्या मुली. मथळ्यात तो ठेवला, कारण उर्दू शाळेची हेडमास्तरीण मथळा बघूनच कात्रण नोटीसबोर्डावर लावणार. खालच्या मजकुरात मात्र ‘लड़कियाँ’. तो आईनं वाचायचा आहे.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो ‘आय प्रमाण पत्र’वर. मी ‘आमदनी का सदाक़तनामा’ असा राजेशाही शब्द आणला होता. चाचा हसायला लागले. “बेटा, ये सदाक़तनामा लेके तहसील में जाएगी तो खिडकीवाला क्या देगा उसको?” आणि मग मला लख्ख दिसलं. महाराष्ट्रात तो कागद तहसीलदाराच्या सहीनं मिळतो, सेतू केंद्रावर अर्ज करावा लागतो, आणि त्या खिडकीवर त्याचं नाव एकच: उत्पन्नाचा दाखला. आई-बापांना हिंदी शब्द उपयोगाचा नाही, फारसीही नाही. त्यांना तिथं जाऊन मराठीतच बोलायचं आहे. म्हणून आम्ही उर्दू मजकुरात लिहिलं, ‘इनकम सर्टिफ़िकेट यानी उत्पन्न दाखला’, आणि ‘उत्पन्न’वर ज़बर-पेश या स्वरखुणा आवर्जून दिल्या, म्हणजे वाचताना अडायला नको. कागदाचं नाव कागदावर असतं तेच. हा नियम मी पुढे ‘बोनाफाईड’लाही लावला. गंमत म्हणजे ‘दाखला’ मूळ अरबीतून आलेला, ‘उत्पन्न’ संस्कृत, आणि दोघं मिळून शुद्ध मराठी सरकारी शब्द.

शेवटी ते वाक्य असं उतरलं: ‘माली तौर पर कमज़ोर घरानों की होनहार लड़कियों को स्कॉलरशिप दी जाएगी. ख़्वाहिशमंद लड़कियाँ इनकम सर्टिफ़िकेट यानी उत्पन्न दाखले के साथ अपनी दरख़्वास्त 31 जुलाई तक जमा कराएँ. लड़कियाँ तहरीरी इम्तिहान की बुनियाद पर चुनी जाएँगी.’ यात फारसी-अरबी आहेत, पण जे आहेत ते उर्दू चौथीच्या पुस्तकातले.

आता माझी फजिती. नोटच्या शेवटी एक स्पष्टीकरण होतं. आमचे पैसे फक्त एकाच शाळेला जातात अशी अफवा मागे पसरली होती, त्यावर. हिंदीत मथळा ‘स्पष्टीकरण’. मराठी मनानं उर्दू शब्द आपोआप पुढे केला: खुलासा! आपण रोज वापरतो, फारसी-अरबी वळणाचा, आणखी काय पाहिजे? चाचा म्हणाले, “खुलासा किस चीज़ का? पूरा तो ऊपर लिखा है.” उर्दूत ‘ख़ुलासा’ म्हणजे सारांश. हिंदी टीव्हीवर ‘बड़ा खुलासा’ म्हणजे गौप्यस्फोट. मराठीत म्हणजे स्पष्टीकरण. एकच शब्द, तीन घरांत तीन कामं. उर्दूत तिथं ‘वज़ाहत’ हवं.

मग आम्ही दोघं हेच खेळत बसलो. आपला ‘राजीनामा’ उर्दूत ‘राज़ीनामा’, म्हणजे तडजोडीचा कागद. नोकरी सोडायला तिथं ‘इस्तीफ़ा’ द्यावा लागतो. आपली ‘हरकत’ म्हणजे आक्षेप, त्यांची म्हणजे हालचाल. आपली ‘तक्रार’ त्यांच्याकडे ‘तकरार’ होऊन भांडण किंवा पुनरुक्ती. आपली ‘तालीम’ नाटकाची नाहीतर पैलवानाची, त्यांची ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. आणि हिंदीतली ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, ती मराठीत मुलाला दिली तर मुलगा रडतो. चाचा म्हणाले, मराठी माणसाला उर्दू शिकवताना कोरी पाटी मिळत नाही, अर्धी लिहिलेली मिळते आणि त्यातलं निम्मं खोडावं लागतं.

हे शब्द आपल्याकडे कुठून आले ते शाळेत शिकलोय. दक्षिणेतल्या सुलतानांचा कारभार फारसीत, त्यामुळे अर्ज, हुकूम, जमीन, वसूल सगळं तिथून. संत एकनाथांनी तर ‘अर्जदस्त’ या नावानं दरबारी अर्जाच्या घाटात रचना केली. मग शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राजव्यवहारकोश करून घेतला, दरबारातल्या फारसी-दखनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा. विसाव्या शतकात सावरकरांची भाषाशुद्धी आली, तिनं दिनांक, क्रमांक, महापौर दिले, आणि ते आज आपल्याला इतके आपले वाटतात, की कुणी घडवले हे आठवतही नाही. त्याच काळात माधव जूलियन, जे स्वतः फारसीचे प्राध्यापक, 1925 मध्ये फारसी-मराठी कोश काढत होते. त्यांनी पुढे ‘भाषाशुद्धिविवेक’ही लिहिलं. मला या जुन्या वादात निकाल द्यायचा नाही. पण लक्षात असं आलं, की राजव्यवहारकोशाचं काम आणि माझं काम उलट दिशेचं. तिथं प्रश्न राज्य कुणाच्या शब्दांत चालावं हा होता. माझ्याकडे राज्य नव्हतं. माझ्याकडे एक पानाची नोट होती आणि 31 जुलै होती.

ऑफिसात माझ्या शेजारी एक मलय सहकारी बसतो. त्याला हे सगळं जेवताना सांगितलं, लाऊ पा सातमध्ये. तो म्हणाला, यात काय, आम्ही रमजानचा उपवास करतो त्याला ‘पुआसा’ म्हणतो. पुआसा म्हणजे आपलाच उपवास! धर्माला ‘आगामा’, स्वर्गाला ‘शुर्गा’, नरकाला ‘नेराका’. आणि वर्तमानपत्राला ‘सुरात खाबार’, त्यात आपली ‘खबर’ बसलेली. अस्सल मुसलमान घरातला माणूस पाच वेळा नमाज पढतो आणि उपवासाला संस्कृत शब्द वापरतो, आणि त्याला त्यात काही विशेष वाटत नाही. कारण मलय वाचकाला तो शब्द रोज दिसतो. उर्दू वाचकाला ‘छात्रवृत्ति’ रोज दिसत नाही, बस्स.

लिपीत उतरवताना पुन्हा चाचाच लागले. देवनागरीत एकच ‘ज़’, उर्दूत त्यासाठी ज़े, ज़ाल, ज़्वाद आणि ज़ोय अशी चार अक्षरं. ‘वज़ाहत’मध्ये ज़्वाद, ‘वज़ीफ़ा’मध्ये ज़ोय. ऐकून कळत नाही, पाठच असावं लागतं. ‘इम्तिहान’मधला ‘ह’ मी चुकीचा काढला होता. चाचांच्या मते ती चूक मराठीत ‘परिक्षा’ लिहिण्याइतकी. लोक वाचतात, पण नाक मुरडतात, आणि मग पैशाच्या बाबतीत विश्वास ठेवत नाहीत.

एक माझ्या धंद्यातली गोष्ट मात्र मी त्यांना शिकवली. उर्दू उजवीकडून डावीकडे, आकडे डावीकडून उजवीकडे. फोन नंबर मधे जागा सोडून पाच-पाचच्या दोन तुकड्यांत लिहिला, तर उर्दू ओळीत प्रत्येक तुकडा आतून सरळ राहतो, पण दोघांची जागा उलटते. शेवटचे पाच आकडे आधी वाचले जातात. मागच्या वर्षीचं कात्रण काढून बघितलं. नंबर उलटा होता! म्हणजे ‘छात्रवृत्ति’ कुणी वाचली असती, तरी फोन कुणा भलत्यालाच गेला असता. या वेळी दहाही आकडे सलग लिहिले.

नोट जुलैच्या पहिल्या आठवड्यात छापून आली. चौथ्या दिवशी, रॅफल्स प्लेसच्या त्याच कट्ट्यावर, आमच्या संभाजीनगरच्या मित्राचा मेसेज आला. मालेगावहून एका मुलीच्या वडिलांचा फोन होता. मजकूर पूर्ण कळला होता, मुलगी परीक्षेला बसणार होती. त्यांचा एकच प्रश्न होता: उत्पन्न दाखला एक वर्षाचा चालेल, की तीन वर्षांचा आणायचा?

आमच्या हिंदीतही ते नव्हतं, मराठीतही नव्हतं. मी मैत्रिणीला इंदूरला फोन लावला.